पंखा एक-दोनवर का घुमतो? कंडेन्सर, रेग्युलेटर आणि त्या आवाजाचा माग

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 अंशांवर गेला की छताचा पंखा रात्रंदिवस पाचवरच असतो आणि त्याच्या आवाजाकडे कोणाचं लक्ष जात नाही. तक्रारी सुरू होतात पावसाळ्यानंतर. डासांसाठी म्हणून रात्री पंखा एक-दोनवर ठेवला जातो, घर शांत असतं, आणि मग सकाळी निरोप येतो, "भाऊ, पंखा एकवर टाका का घूं घूं करस." बहुतेक घरांत यावरचा पहिला इलाज ठरलेला असतो: पंखा उतरवा, बेअरिंग बदला. दोनशे-तीनशे रुपये जातात, पंखा परत चढतो आणि त्याच रात्री पुन्हा घुमायला लागतो. कारण कमी स्पीडचा हा आवाज बहुतेक वेळा पंख्यात जन्मतच नाही. तो भिंतीवरच्या रेग्युलेटरमधून येतो, पंखा फक्त तो ऐकवतो.

हे काम नव्याने शिकणाऱ्यांसाठी, किंवा स्वतःच्या घरचा पंखा स्वतः समजून घ्यायचा असेल त्यांच्यासाठी, आवाजाचा माग कसा काढायचा ते पुढे क्रमाने लिहिलं आहे. त्याआधी आतलं थोडं समजून घ्यावं लागेल, नाहीतर तपासणी म्हणजे नुसती अदलाबदल होते.

पंख्याच्या पोटात काय आहे

छताच्या पंख्यात बाहेरचा डबा फिरतो आणि आतला भाग स्थिर असतो. मधल्या दांड्याला पक्का बसवलेला, तांब्याच्या तारेची वेटोळी असलेला गाभा म्हणजे स्टेटर. पाती ज्या डब्याला बसवतो, त्या डब्याच्या आत रोटर असतो: पातळ लोखंडी पत्र्यांचं कडं आणि त्यात ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. रोटरला कुठलीही वायर जात नाही. स्टेटरच्या चुंबकीय क्षेत्रामुळे त्यात आपोआप प्रवाह तयार होतो आणि तो त्या क्षेत्रामागे ओढला जातो.

स्टेटरवर वायंडिंग दोन असतात, रनिंग आणि स्टार्टिंग. घरात आपल्याला एकच फेज मिळतो आणि एका वायंडिंगचं क्षेत्र फिरत नाही, ते जागच्या जागी उलटसुलट होतं. सायकलचं पायडल अगदी वर-खाली उभं असेल तर कितीही जोर दिला तरी चाक हलत नाही, दुसरा जोर थोड्या वेगळ्या कोनातून लागतो. तो वेगळा कोन कंडेन्सर देतो. दुकानात 2.5 मायक्रोफॅरड, 440 व्होल्ट लिहिलेली ती छोटी डबी मिळते, ती स्टार्टिंग वायंडिंगच्या वाटेत कायमची जोडलेली असते. तिच्यामुळे स्टार्टिंगमधला प्रवाह रनिंगच्या पुढे धावतो, दोन्ही क्षेत्रं मिळून फिरतं क्षेत्र तयार होतं आणि पंखा एका दिशेने सुटतो. पंखा सुरू झाला म्हणून कंडेन्सरचं काम संपत नाही. चालू असेपर्यंत तो कामावरच असतो.

बाजारातल्या 1200 मिलिमीटरच्या साध्या पंख्यात बहुधा 14 किंवा 16 पोल, म्हणजे चुंबकीय ध्रुव, असतात. 50 हर्ट्‌झवर 14 पोलचं क्षेत्र मिनिटाला सुमारे 428 फेरे मारतं. पंखा त्याच्या मागे राहतो, फुल स्पीडला साधारण 350 ते 390 फेऱ्यांवर. या मागे राहण्याला स्लिप म्हणतात, आणि स्पीड कमी करण्याची सगळी युक्ती या स्लिपवर उभी आहे.

स्पीड कमी होतो म्हणजे नेमकं काय होतं

रेग्युलेटर फ्रिक्वेन्सी बदलत नाही. स्टेटरचं क्षेत्र एकवरही तितकंच, मिनिटाला 428 फेऱ्यांनी फिरत असतं. रेग्युलेटर फक्त पंख्याला मिळणारं व्होल्टेज कमी करतो. व्होल्टेज कमी झालं की मोटरची ओढ त्याच्या वर्गाच्या हिशेबाने घटते: व्होल्टेज निम्मं केलं तर ओढ पाव होते. हवेचा विरोधही साधारण स्पीडच्या वर्गाने वाढतो-घटतो, म्हणून पात्यांना निम्म्या स्पीडला पावच ओढ लागते. मोटरची ओढ आणि हवेचा विरोध जिथे जुळतात तिथे पंखा स्थिरावतो. पिठाच्या गिरणीची मोटर अशा पद्धतीने हळू करायला गेलात तर ती बंदच पडेल. पंख्याला हे चालतं, कारण त्याचा भारच स्पीडबरोबर हलका होत जातो.

खेड्यावर याचा अनुभव रेग्युलेटर नसतानाही येतो. संध्याकाळी विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या आणि घरात 180 व्होल्टच आले, तर 230 च्या तुलनेत ओढ सुमारे 61 टक्केच उरते. पंखा पाचवर असूनही रेंगाळतो आणि लोक कंडेन्सर बदलून घेतात. आधी व्होल्टेज मोजावं.

व्होल्टेज कमी करण्याच्या तीन पद्धती घरोघर सापडतात, आणि आवाजाचं मूळ कळायला त्यांतला फरक कळणं पुरेसं आहे.

जुन्या वाड्यांत अजून भिंतीवर तो मोठा चौकोनी काळा डबा दिसतो. त्यात बहुतेक वेळा रेझिस्टन्सची तार असते. पंख्याच्या आधी ती ओळीने जोडली की काही व्होल्ट तिथेच पडतात आणि त्यांची उष्णता होते. हात लावला की डबा कोमट लागतो तो त्यामुळेच. वीज फार वाचत नाही, पण आवाजाच्या बाबतीत हा डबा सज्जन आहे, कारण करंटची लाट तो जशीच्या तशी ठेवतो, फक्त तिची उंची कमी करतो.

दुसरा प्रकार स्विच-बोर्डात बसणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. त्यात ट्रायॅक नावाचा तीन पायांचा भाग असतो. तो व्होल्टेज समान कमी करत नाही, लाटेचा तुकडाच कापतो. प्रत्येक अर्ध्या लाटेच्या सुरुवातीला तो बंद राहतो, मध्येच चालू होतो आणि करंट शून्यावर आला की पुन्हा बंद. नॉब कमी कराल तितका तो उशिरा चालू होतो. सेकंदाला असं 100 वेळा होतं.

तिसरा प्रकार कपॅसिटरवाला स्टेप रेग्युलेटर. कपॅसिटर म्हणजे कंडेन्सरच. त्यात दोन-तीन चौकोनी कपॅसिटर आणि पाच ठिकाणी कटकट फिरणारा स्विच असतो. खालच्या स्टेपला लहान कपॅसिटर ओळीने येतो, वरच्या स्टेपला जास्त, आणि पाचवर सगळे टाळून वीज थेट जाते. मधल्या स्टेपला 3.3 मायक्रोफॅरड जोडला गेला असं धरू. 50 हर्ट्‌झला त्याचा अडथळा सुमारे 965 ओहम. 75-80 वॉटचा पंखा सुमारे 0.34 ॲम्पियर घेतो, म्हणजे त्याचा अडथळा साधारण 676 ओहम. ढोबळ हिशेबाने पंख्याला 132 व्होल्ट मिळतील आणि कपॅसिटरवर 188 व्होल्ट दिसतील. (पंखा हळू झाल्यावर त्याचा स्वतःचा अडथळाही बदलतो, म्हणून प्रत्यक्ष आकडे थोडे मागे-पुढे येतात.) नवखा माणूस दोन्ही मोजतो, बेरीज 320 येते आणि मीटर बिघडला म्हणून झटकतो. मीटर बरोबर असतो. दोन्ही व्होल्टेज एकाच क्षणी शिखरावर नसतात, म्हणून त्यांची साधी बेरीज करायची नसते. शिवाय कपॅसिटर तापत नाही, त्यामुळे इथे वीज खरंच वाचते.

मग घुमतो का

एका फेजवरच्या प्रत्येक मोटरमध्ये थोडा आवाज असतोच. चुंबकाची ओढ प्रत्येक लाटेत दोनदा शिखरावर जाते, म्हणून लोखंडी पत्रे आणि वायंडिंग सेकंदाला 100 वेळा किंचित थरथरतात. फुल स्पीडला हा 100 हर्ट्‌झचा सूर हवेच्या आवाजाखाली दबलेला असतो. पंखा हळू केला की हवेचा आवाज सरतो आणि सूर उघडा पडतो. त्यात कंडेन्सरची किंमत फुल स्पीडला दोन्ही वायंडिंगचा तोल साधेल अशी ठरवलेली असते. स्पीड उतरला की तो तोल बिघडतो, फिरत्या क्षेत्राबरोबर उलट दिशेचं थोडं क्षेत्र तयार होतं आणि ओढ सलग न राहता ठेचकाळत मिळते. इतका आवाज रेग्युलेटर कोणताही असला तरी राहणार.

ट्रायॅक यात स्वतःची भर घालतो, आणि ती मोठी असते. लाट मधूनच सुरू होते म्हणजे व्होल्टेज शून्यावरून एकदम उडी मारतं. 230 व्होल्टच्या लाटेचं शिखर सुमारे 325 व्होल्टवर असतं. ट्रायॅक नेमका शिखराजवळ चालू झाला तर वायंडिंगला सेकंदाला 100 वेळा तेवढा धक्का बसतो. अशा कापलेल्या लाटेत 50 हर्ट्‌झबरोबर 150, 250, 350 असे वरचे सूरही येतात. त्यांतला एखादा पत्र्यांच्या, डब्याच्या किंवा पात्यांच्या स्वतःच्या कंपनाशी जुळला की पंखा भुंग्यासारखा घुमू लागतो. बऱ्याच घरांत आवाज एकवर असतो त्याहून दोन-तीनवर मोठा असतो, त्याचं कारण इथे आहे: मधल्या ठिकाणी ट्रायॅक शिखराच्या आसपास चालू होतो.

माग काढायचा क्रम

अमळनेरला विद्यार्थी राहतात अशा एका पत्र्याच्या खोलीतला पंखा घेऊ. लोखंडी अँगलला हूक, 1200 मिलिमीटरचा पंखा, बोर्डात गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. तक्रार अशी की दोनवर इतका घुमतो की अभ्यास होत नाही, आणि फुल केला तरी पूर्वीसारखी हवा नाही.

पहिली परीक्षा फुकट आहे आणि सगळ्यात जास्त सांगून जाते. पंखा दोनवर घुमत असताना स्विच बंद करायचा आणि कान द्यायचा. पंखा अजून फिरतोय, पण आवाज त्याच क्षणी तुटला, तर दोष विजेच्या बाजूला. स्विच बंद केल्यावरही खरखर चालू राहिली आणि पंख्याबरोबर हळूहळू मंदावत गेली, तर बेअरिंग, सैल स्क्रू किंवा पाती यांच्याकडे बघायचं. इथे आवाज स्विचबरोबर तुटला. बेअरिंगचा विषय तिथेच संपला.

दुसरी पायरी, व्होल्टेज. खोलीत 226 व्होल्ट होते. म्हणजे हवा कमी असण्याचं खापर लाईनवर फोडता येत नाही.

तिसरी पायरी कंडेन्सर. यासाठी एमसीबी पाडायचा, नुसता पंख्याचा स्विच बंद करून शिडीवर चढायचं नाही. जुन्या वायरिंगमध्ये स्विच न्यूट्रलमध्ये घातलेला सापडतो, तेव्हा पंखा बंद दिसतो पण वर फेज जिवंत असतो. टेस्टरने एकदा खात्री करायची. वरची वाटी सरकवली की कंडेन्सर दिसतो. तो जोडलेला असताना त्याच्यातली वीज वायंडिंगमधूनच निघून जाते, पण एखादी वायर तुटलेली असेल तर ती तशीच साठून राहते. म्हणून दोन्ही टोकं साध्या 230 व्होल्टच्या बल्बच्या वायरींना आधी टेकवायची. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडण्याची सवय लावून घेऊ नये, डोळ्यांसमोर हात असतो.

मग एक टोक सोडवून मल्टिमीटरच्या कपॅसिटन्स रेंजवर मोजायचं. डबीवर 2.5 लिहिलेलं, मीटरवर 1.7. चांगला कंडेन्सर लिहिलेल्या किमतीच्या पाच टक्क्यांच्या आत असतो. या उताराने तोल फुल स्पीडलाच बिघडलेला, म्हणून हवा कमी, आणि हळू केल्यावर आणखी वाईट. कंडेन्सर पूर्ण संपत आला की पंखा स्विच दिल्यावर नुसता घुमतो, हाताने ढकलला तर ढकलाल त्या बाजूला फिरतो. असा पंखा एकवर अडकवून ठेवला तर जागच्या जागी तापतो आणि वायंडिंग जळू शकतं.

नवा कंडेन्सर 2.5 चाच घ्यायचा, 440 व्होल्ट एसी लिहिलेला. चालू पंख्यात कंडेन्सरवर 230 हून जास्त व्होल्ट असतात, म्हणून 250 व्होल्टवाला स्वस्तातला चालत नाही. उन्हाळ्यात एक सल्ला हमखास मिळतो, "चारचा टाक ना, हवा वाढेल." थोडी वाढतेही. पण स्टार्टिंग वायंडिंगमधून ठरल्यापेक्षा जास्त करंट जाऊ लागतो, पंखा तापतो, घुमणंही वाढतं. अशा पंख्याचं वायंडिंग किती दिवस टिकेल याची खात्री मी देणार नाही. जुन्या वायरी ज्या दोन टोकांना होत्या तिथेच नव्याच्या वायरी जोडायच्या. कंडेन्सरला प्लस-मायनस नसतं.

एमसीबी चालू केला. फुल स्पीड परत आला, दोनवरचा आवाज थोडा उतरला, पण गेला नाही.

चौथी पायरी: रेग्युलेटर टाळून पाहणं. पुन्हा एमसीबी पाडून रेग्युलेटरच्या दोन वायरी कनेक्टरने एकत्र करायच्या आणि पंखा थेट चालवायचा. थेट चालताना घुमणं ऐकूच आलं नाही. तेवढ्याने रेग्युलेटर दोषी ठरत नाही, कारण फुल स्पीडला हवेचा आवाजही वाढतो. म्हणून आधीची स्विचवाली युक्ती इथेही करायची: थेट फिरत असताना स्विच बंद करून आवाजात फरक पडतो का ते ऐकायचं. इथे फरक जाणवला नाही. म्हणजे मोटर शांत आहे, खालच्या स्पीडचा आवाज रेग्युलेटर घालतोय.

रेग्युलेटर कोणत्या जातीचा ते नॉबवरून पूर्ण ओळखता येत नाही. सलग फिरणारा असेल तर तो ट्रायॅकचाच. पण पाच ठिकाणी कटकट करणाऱ्यांतही काही ट्रायॅकचे असतात आणि दुकानदार ते स्टेप म्हणून बिनदिक्कत देतो. मागून पाहिलं की कळतं: लहान पत्र्याला चिकटलेला तीन पायांचा काळा तुकडा दिसला तर ट्रायॅक, दोन-तीन फुगीर चौकोनी डब्या आणि फिरता स्विच दिसला तर कपॅसिटरचा. विकत घेताना खोक्यावर हमफ्री किंवा कपॅसिटर टाइप लिहिलंय का ते पाहायचं, आणि एक रेग्युलेटर एकाच पंख्याला जोडायचा. दोन पंखे एकाला जोडले तर कपॅसिटरचा हिशेब चुकतो आणि खालच्या स्टेपला पंखे उचलत नाहीत.

रेग्युलेटर नेहमी फेजच्या वायरमध्ये. कपॅसिटरचा स्टेप रेग्युलेटर बसवल्यावर या खोलीत दोनवरचा भुंगा गेला. तरी रात्री कान दिला तर मंद, जाड आवाजाची गुणगुण येत होती. तो मघाचा 100 हर्ट्‌झचा सूर, आणि तो पंख्यातून कमी, छतातून जास्त येत होता. हुकात बसणारं रबर कडक होऊन चिरलं होतं, दांड्याचं लोखंड थेट अँगलवर टेकलं होतं आणि पंख्याची थरथर पत्र्यात उतरत होती. रबर बदललं, वरचा बोल्ट आणि कॉटर पिन नीट बसवली, मग ती गुणगुण पत्र्यातून यायची थांबली. स्लॅबच्या घरात हे इतकं जाणवत नाही. पत्र्याच्या खोलीत आणि लाकडी सरांच्या धाब्याच्या घरात जाणवतं.

इन्व्हर्टरवर घुमतो, लाईनवर नाही

लोडशेडिंगच्या गावांत ही वेगळी तक्रार येते आणि तिच्यापायी चांगले पंखे उतरवले जातात. साधा स्वस्त इन्व्हर्टर गोल लाट देत नाही, चौकोनी देतो. त्या चौकोनी लाटेत वरचे सूर आधीपासूनच भरलेले असतात, म्हणून पंखा पाचवरही घुमतो आणि कपॅसिटरचा रेग्युलेटर लावला तरी आवाज जात नाही. ओळखायची खूण सोपी: लाईट आल्याबरोबर, कोणी काही न बदलता, घुमणं थांबतं. इथे कंडेन्सर आणि रेग्युलेटर दोघेही निर्दोष असतात. साइन वेव्हचा इन्व्हर्टर घेणं हाच खरा इलाज. तो घेईपर्यंत कट असताना पंखा पाचवर थेट चालवावा. चौकोनी लाट पुन्हा ट्रायॅकने कापली तर मोटर जास्त तापते आणि बॅटरीचीही फार बचत होत नाही.

बीएलडीसीचे रिमोटवाले पंखे या सगळ्यातून बाहेर. त्यांच्यात हा कंडेन्सर नसतो, आणि त्यांच्या वाटेत कोणताही रेग्युलेटर ठेवायचा नाही. जुना रेग्युलेटर बोर्डात राहिला असेल तर तो काढून वायर थेट जोडायची.